दोनशे त्रेचाळीस माणसांचं पान

तुमच्या उजव्या हाताची दोन बोटं उद्या सकाळी मशीनखाली गेली, तर शर्टाचं बटण पुन्हा स्वतःच्या हाताने लावायला तुम्हाला किती दिवस लागतील, सांगाल? नाही सांगता येणार. मलाही येत नव्हतं, आणि मी वीस वर्षं कामगारांच्या नावाने घसा फोडतोय. जिला येत होतं ती डॉक्टर नव्हती, नर्स नव्हती. एका कंपनीच्या ट्रस्टमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या शेजारी बसणारी कंत्राटी बाई होती. तिचं काम एवढंच, की वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले अहवाल वाचायचे आणि प्रत्येक प्रकल्पाचं एक पान करायचं. एक पान, कारण विश्वस्त दुसरं पान उलटत नाहीत.

तिला मी गाळणी म्हणायचो. चाळीस पानं वरून ओतली की खाली एक पान पडायचं. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा ती म्हणाली, "गाळणीत काय उरतं ते कुणी बघत नाही भाऊ, फेकून देतात. मी ते बघते." तेव्हा मला वाटलं, बाई उगाच भारी बोलतेय.

त्या पानाला तीन खाने असायचे. लाभार्थी किती. मंजूर रक्कम किती आणि त्यातली खर्च किती. आणि परिणाम काय. ट्रस्टचे तीन प्रकल्प होते: शाळेच्या दप्तरांचं वाटप, झाडं लावणं, आणि आमची हातांची खोली.

हातांची खोली मी भांडून मिळवली होती, हे सांगायला मला लाज नाही. हार्डवेअरच्या गोदामामागे एक लांबट खोली. दोन टेबलं, आखडलेले हात शेकायला मेण वितळवायचं भांडं, वाळूची परात, कपड्यांचे चिमटे आणि भिंतीला टेकवलेली एक फळी, तिच्यावर लहानमोठे नट-बोल्ट. पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली ज्यांची बोटं गेली, पंजा चेंगरला, ते लोक इथे येऊन चिमटा दाबायचे, वाळूतून गोट्या काढायचे, नट फिरवायचे. समोर थेरपिस्ट बाई बसून म्हणायच्या, "अजून एकदा. रडा, पण फिरवा." दाराशी रजिस्टर घेऊन काका बसायचे. काकांची स्वतःची उजवी दोन बोटं प्रेसने नेलेली. ते डाव्या हाताने लिहायचे आणि अक्षर माझ्यापेक्षा बरं होतं.

ट्रस्टचं मंजुरीपत्र वर्षाचं असायचं. वर्ष संपलं की विश्वस्तांची बैठक, आणि तिथे ठरणार की खोली पुढे चालणार की नाही. म्हणजे आमच्या खोलीचा जीव त्या एका पानात. गाळणीला हे माहीत होतं, मला माहीत होतं, काकांना तर रोज माहीत होतं.

बैठकीच्या तीन आठवडे आधी, भर दुपारी, ती खोलीवर आली. रिक्षाचे पैसे वाचवायला चालत आली असावी, चपला धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. पाणी प्यायली आणि काकांना म्हणाली, "काका, बारा महिन्यांची सगळी रजिस्टरं द्या."

"सगळी? मासिक अहवालात आकडे आहेत की, ताई."

"आकडे आहेत. मला माणसं बघायचीत."

ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि येणाऱ्या प्रत्येकाला दिलेला कार्ड नंबर जुळवत सुटली. तीन दिवस रोज आली. तिसऱ्या दिवशी मला निरोप धाडला. मी गेलो तर ती म्हणाली, "भाऊ, बसा. रागावणार असाल तर आधी पाणी प्या."

"मी कधी रागावतो?"

काका खोकले. थेरपिस्ट बाईंनी तोंड फिरवलं.

गोष्ट अशी होती. ट्रस्टने पाठवलेल्या मासिक फॉर्ममध्ये एक रकाना होता: या महिन्यातील लाभार्थी. काका रोज दारात जो येईल त्याचा कार्ड नंबर लिहून एक खूण करायचे आणि महिनाअखेर खुणा मोजून लिहायचे. वरच्या ऑफिसात कुणीतरी बारा महिन्यांची बेरीज मारायचं. दोन हजार नऊशे सोळा लाभार्थी. पण एकच माणूस हात बरा व्हायला दहा-बारा वेळा येतो. कुणी वीस वेळा येतो. काकांच्या रजिस्टरात तो वीस माणसं झाला.

"माणसं दोनशे त्रेचाळीस आहेत," ती म्हणाली. "दोन हजार नऊशे सोळा ही हजेरी आहे. सरासरी एकेकाने बारा वेळा व्यायाम केला."

काकांचा चेहरा उतरला. "मी काही खोटं नाही लिहिलं हो ताई. आला, की खूण केली."

"खोटं नाहीच काका. तुम्ही हजेरीच लिहिलीत. वरच्यांनी तिला माणसं म्हटलं. आणि गेल्या वर्षी मीही म्हटलं. दोन हजार सहाशे चाळीस. माझ्याच हाताने टाईप केलंय."

आता माझी गंमत ऐका. तो दोन हजार सहाशे चाळीसचा आकडा मी वर्षभर माइकवरून ओरडत होतो. 'दोन हजार सहाशे चाळीस कामगारांच्या हातांना न्याय!' टाळ्या पडायच्या. त्या टाळ्या मला आठवल्या आणि माझं डोकं सटकलं.

"तुला काय पडलीय गं? चाललंय ना? दोन हजार नऊशे लिही आणि मोकळी हो! दप्तरवाले अकरा हजार दाखवणार, झाडवाले झाडं मोजणार, आणि आपण दोनशे त्रेचाळीस? खोली बंद करायचीय का तुला?"

ती शांतपणे म्हणाली, "ओरडून झालं? आता माझं ऐका. साडेतेवीस लाखाच्या आसपास खर्च झालाय. तेवीस लाख चाळीस हजार. हजेरीने भागलं तर आठशे दोन येतात. माणसांनी भागलं तर नऊ हजार सहाशे तीस. दुसरा आकडा मोठा दिसतो, मला कळतं. पण भाऊ, दोन हजार नऊशे लाभार्थी लिहिलं तर पुढच्या खान्यात मी काय लिहू? परिणाम? कामावर परतलेली माणसं रजिस्टरातल्या शेऱ्यांप्रमाणे एकशे अठरा आहेत. दोन हजार नऊशेतले एकशे अठरा म्हणजे चार टक्के! तुमची खोली नापास. दोनशे त्रेचाळिसातले एकशे अठरा म्हणजे जवळजवळ निम्मी माणसं परत कमवायला लागली. कुठलं पान जगवेल खोलीला?"

 वादात हरलो की मी निघून जातो. निघून गेलो.

पण ती मागे लागलेली. रजिस्टरातले शेरे खरे आहेत का बघायला पुढचे दोन आठवडे तिने एकेकाला फोन केले. कोर्स पूर्ण केलेले एकशे एकाहत्तर. बाकीच्या बहात्तरांपैकी बावन्न अजून कोर्सच्या मध्यावर, वीस मध्येच सुटले. बहुतेकांना ठेकेदाराने सुट्टी दिली नाही. पूर्ण केलेल्यांत तेच एकशे अठरा कामावर, बावीस घरीच, आणि एकतीस जणांचे फोन लागेनात. मी म्हटलं, त्या एकतीसपैकी निम्मे तरी कामावर असतील, टाक त्यात. ती म्हणाली, "नाही लागला म्हणजे नाही लागला. तोही आकडाच आहे."

घरीही तिचं हेच. तिच्या घरी मी एकदा गेलो होतो सही घ्यायला. दोन खोल्या. नवरा कुरिअरचं सामान पोचवायला गेलेला, मुलगी खिडकीत गृहपाठ करत होती, आणि सासूबाई दम्याचा पंप हातात घेऊन पलंगावर. गाळणी पलंगाच्या कडेला बसून फोनवर कुणाला तरी विचारत होती, "घास स्वतः खाता का? चमच्याने की हाताने? आणि शर्टाचं बटण कितव्या दिवशी लावलंत?"

सासूबाई मला म्हणाल्या, "बघा, दिवसभर लोकांची बोटं मोजते. घरात चपात्या किती उरल्या ते विचारा, ठाऊक नाही."

"तीन आहेत आई. दोन तुमच्या, एक माझी," ती फोनवर हात ठेवून म्हणाली.

"आणि यांना?"

"यांना नको. ते राग खाऊन येतात."

सासूबाई इतक्या हसल्या की पंप घ्यावा लागला.

मग ऑफिसातली लढाई. प्रकल्पप्रमुख म्हणजे तिचे साहेब, चांगले शिकलेले, रोज इस्त्रीचा शर्ट. त्यांनी तिचं पान वाचलं आणि म्हणाले, "खर्च अठ्ठ्याहत्तर टक्के का? तीस लाख मंजूर होते. सहा लाख साठ हजार उरले. 'बचत' लिहा."

"बचत नाहीय सर. दुसऱ्या थेरपिस्टची जागा पाच महिने रिकामी होती, त्याचे दोन लाख. बोटांना आधार द्यायच्या पट्ट्यांच्या खरेदीची फाइल आपल्याकडेच सहीला पडून राहिली, त्याचे चार लाख साठ हजार. ते पैसे वाचले नाहीत, त्या पैशांचा व्यायाम झाला नाही. अखर्चित लिहिते, आणि खाली कारण."

"फाइल कुणाकडे पडून होती, तेही लिहिणार?"

"'मंजुरीस विलंब' लिहिते. कुणाचं नाव कशाला."

साहेबांनी म्हणे पान पुढे ओढलं. मग परिणामाच्या खान्यावर बोट ठेवलं. "हे कोरडं वाटतं हो. 'लाभार्थ्यांचा आत्मविश्वास वाढला' असं काही?"

"तो मी मोजला नाही सर."

शेवटी साहेबांनी पान जाऊ दिलं. कौतुक म्हणून नव्हे. पानावर तयार करणाऱ्याचं नाव लिहायचा रकाना होता आणि त्यात तिचं नाव होतं. अंगाशी आलं तर कुणाच्या, हे ठरलेलं होतं. पान असं होतं: व्यक्ती २४३, व्यायामसत्रे २,९१६. आणि खाली बारीक अक्षरात टीप: गेल्या वर्षीचा २,६४० हा आकडा सत्रांचा होता, त्या वर्षीच्या व्यक्ती २२४. गेल्या वर्षीची रजिस्टरंही तिने काढून मोजली होती. कुणी सांगितलं नव्हतं.

बैठकीच्या दिवशी मलाही बोलावणं होतं. प्रत्येक प्रकल्पाने शेवटी एक 'यशोगाथा' आणायची असते, म्हणजे जिवंत माणूस, दोन मिनिटं. मी पॅकिंगमध्ये काम करणाऱ्या एका बाईंना घेऊन गेलो. चार बोटं गेलेली, अंगठा उरलेला, आणि त्या अंगठ्यावर त्यांनी पुन्हा नोकरी मिळवलेली. आम्ही दोघं भिंतीकडच्या खुर्च्यांवर. एसी इतका, की बाईंनी हात पदराखाली घेतला. गाळणी लॅपटॉपमागे, कोपऱ्यात.

दप्तरं चार मिनिटांत मंजूर. झाडं तीन मिनिटांत. मग आमचं पान पडद्यावर आलं.

अध्यक्ष म्हातारे, पण नजर तीक्ष्ण. "गेल्या वर्षी दोन हजार सहाशे चाळीस. या वर्षी दोनशे त्रेचाळीस? हे काय झालं?"

साहेबांनी गाळणीकडे पाहिलं. ती उठली.  "सर, गेल्या वर्षीचा आकडा हजेरीचा होता. चूक माझी. मी तो माणसांच्या खान्यात घातला. माणसं गेल्या वर्षी दोनशे चोवीस, या वर्षी दोनशे त्रेचाळीस. म्हणजे घट नाही, वाढ आहे. आणि त्यातली एकशे अठरा पुन्हा कामावर आहेत. आणखी एकतीस जणांचं मला माहीत नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मला माहीत नाही, असं या टेबलावर पहिल्यांदाच ऐकतोय." आणि हसले. खरंच हसले. "म्हणजे आपण वाढलोय तर. आणि माणशी नऊ हजारात माणूस कामावर जातो?"

"कोर्सला आलेल्या प्रत्येक माणसामागे नऊ हजार सहाशे तीस, सर. कामावर गेलेल्यांनी भागलं तर जवळजवळ वीस हजार."

मी मनात म्हटलं, गप्प बस ना बाई! पण अध्यक्ष मान हलवत होते. "तरी स्वस्त आहे," ते म्हणाले.

आम्ही वाचलो होतो. मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी खोली वाचली होती.

मग अध्यक्षांच्या डावीकडचे वकील विश्वस्त पुढे वाकले. "एक शंका. दोन हजार सहाशे लाभार्थी ऐकलं की मला शिबिर डोळ्यांपुढे येतं. पण दोनशे त्रेचाळीस माणसं, एका वर्षात, एका वस्तीत? हे हात कापतात कुठे?"

बघा, हे होतं त्या खऱ्या आकड्यात. हजारांत कुणी माणूस बघत नाही. दोनशे त्रेचाळीस म्हटलं की प्रत्येकाला दोन हात असतात हे आठवतं.

गाळणी म्हणाली, "छोट्या प्रेस वर्कशॉपमध्ये, सर. जागेचा रकाना रजिस्टरात आहे. सगळ्यांनी भरलेला नाही. आपण म्हणाल तर तपासून दोन महिन्यांनी, पुढच्या बैठकीत..."

ती वेळ मागत होती. शहाणपणाने, हळूच, दार उघडं ठेवून. आणि मी उठलो.

"तपासायचं काय त्यात? यातले निम्मे तुमच्याच कंपनीचे पत्रे दाबतात! तुमच्या पुरवठादारांच्या मशीनला बोटं वाचवणारा गार्ड नाही! तुम्हीच बोटं घ्यायची आणि तुम्हीच चिमटे वाटायचे?"

खरं होतं. शब्दन्‌शब्द खरा होता. आणि 'निम्मे' हा आकडा मी हवेतून काढला होता.

वकिलांनी पेनाचं टोपण लावलं. "हे इतिवृत्तात घेऊ नका," ते लिहिणाऱ्याला म्हणाले. मग गाळणीकडे वळले, अगदी मवाळपणे. "निम्मे, याला आधार आहे तुमच्या रजिस्टरात?"

ती माझ्याकडे बघू शकली असती. नाही बघितलं. "एकोणचाळीस नोंदींत आपल्या पुरवठादारांचं नाव आहे, सर. बाकी रिकाम्या किंवा इतरांच्या. निम्मे म्हणता येणार नाही."

एकोणचाळीस. तिने तेही मोजून ठेवलं होतं. मी आणखी दोन महिने गप्प बसलो असतो, तर तिने ते एकोणचाळीस नावानिशी, पुराव्यानिशी त्यांच्या टेबलावर ठेवले असते, आणि अध्यक्षांना चष्मा पुन्हा घालावा लागला असता. माझ्या निम्म्याने तिचे एकोणचाळीस मारले.

सोबत आणलेल्या बाईंना बोलायला दोन मिनिटं मिळालीच नाहीत. आम्हाला चहा देऊन बाहेर बसवलं. जिन्यात त्या मला म्हणाल्या, "भाऊ, तुमचं ओरडून झालं. मी अर्ध्या दिवसाचा खाडा केलाय."

आठ दिवसांनी पत्र आलं. 'दोन वर्षांच्या आकडेवारीतील विसंगती आणि प्रति लाभार्थी जास्त खर्च लक्षात घेता प्रकल्पाचे नूतनीकरण करता येत नाही.' आणि खाली, उरलेली तरतूद दप्तर वाटपाकडे. पुरवठादारांबद्दल एक अक्षर नाही. विसंगती! जिने विसंगती शोधून, स्वतःची चूक कबूल करून दुरुस्त केली, तिच्याच नावावर ती लागली. महिनाअखेर तिचं कंत्राट संपलं, ते त्यांनी वाढवलं नाही. साहेब तिला लिफ्टपर्यंत सोडायला आले म्हणे. "तुम्ही जरा लवचीक असता तर," म्हणाले.

मी तिच्या घरी माफी मागायला गेलो. सासूबाईंनी दार उघडलं आणि या वेळी काही विनोद केला नाही. गाळणी आतून म्हणाली, "येऊ द्या त्यांना, आई." मी तिला म्हटलं, मी तुझी नोकरी घालवली. ती म्हणाली, "नोकरी जाणारच होती भाऊ, पान लिहिलं तेव्हाच. खोली मात्र तुम्ही घालवलीत." आणि पाण्याचा ग्लास समोर ठेवला. इतकं सरळ मला आयुष्यात कुणी बोललं नाही. मी ते पाणी प्यायलो.

पुढे मी काय सांगू? गोदामवाल्याने खोली परत घेतली. मेणाचं भांडं, परात, नट-बोल्टांची फळी माझ्या घरात पलंगाखाली आहे. थेरपिस्ट बाई म्हणतात, आठवड्यातून दोन सकाळ फुकट येईन. काका येणार. आणि गाळणी, जिला आता एका दवाखान्यात बिलं टाईप करायचं काम मिळालंय, तिने नवं रजिस्टर स्वतः आखून दिलंय: माणसाला एक ओळ, हजेरीला त्या ओळीपुढे खुणा, आणि जागेचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. मंजुरी संपली त्या दिवशी बावन्न माणसं कोर्सच्या मध्यावर होती. त्यांची बोटं आखडायला लागली आहेत. हे मी ओरडत नाही, तिने फोन करून मोजलंय.

म्हणून तुम्हाला विचारतो. तुमच्याकडे, तुमच्या दुकानामागे, तुमच्या सोसायटीत, तळमजल्यावर एखादी खोली सकाळी रिकामी असेल, पाण्याचा नळ असलेली, तर आठवड्यातले दोन दिवस ती आम्हाला द्या. भाडं नाही देऊ शकत. फोटो काढायला येऊ नका, फलक लावायला येऊ नका. नुसती किल्ली काकांच्या डाव्या हातात द्या.